शिपायाच्या पोटातलं जहाज

इंग्रजीची तोंडी परीक्षा बहुतेक वेळा एकाच प्रश्नाने सुरू होते: तुम्ही कुठे राहता? आदिलाबादचा मराठी मुलगा न अडखळता उत्तर देतो, 'आय लीव्ह इन आदिलाबाद.' व्याकरण ठीक, आवाज खणखणीत. फक्त समोरच्याच्या कानावर भलतंच काहीतरी पडलेलं असतं. इंग्रजीत लिव्ह म्हणजे राहणं आणि लीव्ह म्हणजे सोडून जाणं. पोरगं 'राहतो' म्हणायला गेलं आणि 'निघालो' म्हणून बसलं!

जहाजाला शिप आणि मेंढीला शीप, ही या घराण्यातली सगळ्यांत प्रसिद्ध जोडी. इतकी प्रसिद्ध, की अ‍ॅन बेकर या बाईंनी 1977 साली उच्चारांचं पाठ्यपुस्तक लिहिलं तेव्हा त्याचं नावच 'शिप ऑर शीप?' ठेवलं. मराठी माणसाने या जोडीत अडखळावं याचं खरं तर नवल वाटायला हवं. ज्या इंग्रजांची ही भानगड, त्यांच्या लिपीत या दोन आवाजांना दोन वेगळी अक्षरंही नाहीत. आपल्याकडे इ आणि ई आहेत, पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी आहे, आणि शुद्धलेखनाच्या वहीत त्यापायी खाल्लेल्या लाल रेघाही आहेत. मग अडतं कुठे?

एक छोटा प्रयोग करून पाहा. घरातल्या कुणाला तरी पाठ करून बसवा आणि त्याच्या हातात कागद द्या. आता 'दिन' आणि 'दीन', 'शिर' आणि 'शीर', 'सुत' आणि 'सूत' हे शब्द उलटसुलट क्रमाने, एकेकटे, नेहमीच्या बोलण्यातल्यासारखे म्हणा. दिन म्हणजे दिवस, दीन म्हणजे गरीब. शिर म्हणजे डोकं, शीर म्हणजे रक्तवाहिनी. सुत म्हणजे मुलगा, सूत म्हणजे धागा. ऐकणाऱ्याने कोणता शब्द ते लिहायचं. तो चांगला मराठी शिकलेला असला तरी अंदाजाने लिहितो, कारण आपण दोन्ही शब्द जवळजवळ सारखेच म्हणतो. हा भेद संस्कृतातून आला, लेखनात टिकला आणि बोलण्यातून निसटला. त्यावाचून आपलं काही अडलंही नाही, कारण डोकं दुखतंय की शीर आखडलीय हे वाक्यावरून कळतंच.

म्हणजे मराठी जिभेला आखूड इ येतच नाही, असं म्हणायचं का? इथेच पहिली गंमत आहे. 'मीठ' म्हणा. आता 'मिठाचा' म्हणा. 'जीभ' म्हणा, मग 'जिभेला'. 'पूल' आणि 'पुलावर'. पहिल्या शब्दात स्वर लांबला, दुसऱ्यात आपसूक आखडला. हे तुम्हाला कुणी शिकवलं? कुणीच नाही. शाळेत न गेलेली आजीही हे बिनचूक करते आणि चार वर्षांचं पोरही करतं. 1962 साली सरकारने मान्य केलेल्या मराठी शुद्धलेखनाच्या नियमांत शेवटच्या अक्षराआधीच्या इकार-उकाराचा जो नियम आहे, त्याने आपल्या जिभेची हीच सवय कागदावर उतरवली.

तेव्हा मराठीत लांब आणि आखूड दोन्ही आहेत. फक्त कुठे कोणता यायचा हे शब्दातली जागा ठरवते, अर्थ ठरवत नाही. शब्द व्यंजनावर संपत असेल आणि त्याच्या लगेच आधी इ किंवा उ असेल, तर मराठी तोंड तो लांबवतं: मीठ, पीठ, गरीब, वकील, फूल, मूल. आता 'शिप' हा शब्द याच साच्यात घालून पाहा. शेवटी व्यंजन, त्याआधी इ. मराठी तोंड जे करायचं तेच करतं, त्याला ओढून 'शीप' करतं. हॉटेलात वेटरला ठेवायच्या पैशांना इंग्रजीत 'टिप' म्हणतात, आपण 'टीप' लिहितो. दुकानांच्या पाट्यांवर 'चीप्स' आणि 'बील' दिसतात. पाटी रंगवणाऱ्याला अशुद्ध म्हणून हसू नका. त्याने मराठीचा नियम इमानाने पाळलाय.

आता आदिलाबादकडे वळू, कारण ही गोष्ट पुण्यात सांगणं आणि इथे सांगणं यांत फरक आहे. 1956 साली राज्यांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या तेव्हा किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून मुंबई राज्यात गेले, आणि पैनगंगेच्या अलीकडची बेला-जैनदसारखी मराठी बोलणारी गावं तेलुगू राज्यात राहिली. इथलं मराठी मूल घरात मराठी बोलतं आणि बाजारात, बसमध्ये, तहसील कचेरीत तेलुगू ऐकतं. तेलुगूत स्वराची लांबी अर्थ बदलते. 'पुट' म्हणजे पुस्तकाचं पान, 'पूट' म्हणजे दिवसातली एक वेळ, जेवणाची वेळ. 'विडु' म्हणजे सोड, 'वीडु' म्हणजे हा गडी. 'मेड' हा शब्द आखूड ए काढून म्हटला तर मान, आणि ए लांबवला तर माडी! आपल्याकडे ए आखूड आणि लांब असा वेगळा मोजायची सोयच नाही. जिल्ह्यातल्या गोंडी आणि कोलामी या भाषाही तेलुगूच्याच द्राविड कुळातल्या, आणि त्याही स्वरांची लांबी मोजतात.

म्हणजे मराठीच्या नियमाने बहिरा झालेला कान या जिल्ह्यात तेलुगूच्या संगतीने पुन्हा जागा होतो. बेल्याच्या बाजारात तेलुगू बोलून सौदा करणारी मराठी मुलगी स्वराची लांबी रोज ऐकते आणि वापरतेही. शिप-शीपचं निम्मं काम तिच्या खात्यावर आधीच जमा आहे. हे तिला शाळेत कुणीतरी सांगायला हवं होतं.

'बहिरा झालेला कान' हे मी उगाच म्हटलं नाही. जॅनेट वेर्कर आणि रिचर्ड टीस या संशोधकांनी 1984 साली कॅनडातल्या इंग्रजी घरांतल्या तान्ह्या बाळांना हिंदीतले ट आणि त ऐकवले. इंग्रजी बोलणाऱ्या मोठ्या माणसाला हा फरक ऐकू येणं महाकठीण. पण सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना तो ऐकू आला! आणि दहा-बारा महिन्यांच्या बाळांपैकी बहुतेकांना तो येईनासा झाला. वर्षाच्या आतच कान ठरवून टाकतो, की आपल्या घरात कोणते फरक कामाचे आणि कोणते बिनकामाचे. बिनकामाचे तो सोडून देतो. आपल्याला ट-त इतके लख्ख वेगळे वाटतात, की साहेबाला ते कळू नयेत याचं हसू येतं. शिप आणि शीपच्या बाबतीत साहेबाच्या जागी आपण असतो.

आणि ही जोडी इंग्रजीत आली तरी कशी? सहाशे-सव्वासहाशे वर्षांपूर्वीच्या लंडनमध्ये गेलात तर तिथला मेंढपाळ तुम्हाला मेंढीला 'शेप' म्हणताना ऐकू येईल, लांब ए काढून. म्हणूनच तर त्या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये दोन ई आहेत. तो लांब ए होता आणि लिहिणाऱ्यांनी तसाच लिहिला. जहाज तेव्हाही शिपच होतं. मग पुढच्या दोन-अडीचशे वर्षांत इंग्रजीतले बहुतेक लांब स्वर तोंडात वरवर चढत गेले. 'शेप' चढत चढत 'शीप' झाला आणि थेट 'शिप'च्या शेजारी येऊन बसला. स्पेलिंग मात्र जुन्याच पत्त्यावर राहिलं. आपल्या पोरांच्या परीक्षेतली अर्धी डोकेदुखी ही मध्ययुगातल्या इंग्रजांच्या जिभा चढल्या म्हणून आहे.

आता सगळ्यांत मोठ्या सापळ्याकडे. गल्लीतले क्लास एक मंत्र देतात: शिप आखूड म्हणा, शीप लांब ओढा. ऐकायला सोपं, आणि निम्मं खरंही. पण इंग्रजी स्वराची लांबी त्याच्या पुढच्या व्यंजनावरही ठरते. पुढे प, ट, क यांसारखं कठोर व्यंजन असेल तर स्वर आखडतो. ब, ड, ग, व्ह यांसारखं मृदू व्यंजन असेल तर तो पसरतो. बीड म्हणजे मणी, बीट म्हणजे मारणं, बिड म्हणजे लिलावातली बोली, बिट म्हणजे तुकडा. या चारांत सगळ्यांत लांब स्वर बीडचा आणि सगळ्यांत आखूड बिटचा, हे अपेक्षितच. पण मधले दोघे? 'बीट'मधला दीर्घ म्हणवणारा स्वर ट मुळे इतका आखडतो आणि 'बिड'मधला ह्रस्व म्हणवणारा स्वर ड मुळे इतका पसरतो, की घड्याळ लावून मोजलं तर दोघे जवळपास सारखे भरतात!

मग इंग्रजाला ते वेगळे कसे ऐकू येतात? कारण तो लांबी मोजत बसत नाही. त्याच्या कानाला स्वराचा रंगच वेगळा लागतो. शीपचा स्वर आपल्या ई सारखा असतो: जीभ पुढे आणि वर टाळूजवळ, ओठ किंचित ताणलेले. शिपचा स्वर म्हणजे तोच ई आखूड केलेला नव्हे. त्यासाठी जीभ थोडी खाली येते, जराशी मागे सरते, आणि ओठ-गाल सैल पडतात. तो ई आणि ए यांच्या मधला, ई च्या बाजूला झुकलेला स्वर आहे. आपली 'मिठाचा'मधली इ आखूड असते, पण पुष्कळांच्या तोंडी ती अजूनही ताठच असते. लांबीचं निम्मं काम तेलुगूने करून दिलं असं म्हटलं ते यासाठी. उरलेला निम्मा भाग रंगाचा आहे, आणि तो मराठी, तेलुगू दोघींनाही नव्याने शिकावा लागतो.

गंमत अशी, की ज्यांच्या मातृभाषेत लांबीचा भेद मुळीच नाही, असे शिकणारेसुद्धा नवख्या स्वरांच्या जोडीपुढे लांबीकडेच धावतात. ओके-श्वेन बोन या संशोधकाने 1995 साली स्पॅनिश आणि चिनी बोलणाऱ्यांच्या उदाहरणांवरून हे दाखवून दिलं. रंगातला फरक कानाला लागत नाही, तेव्हा लांबी हीच हाताशी येणारी खूण ठरते. क्लासच्या मंत्राला प्रतिसाद मिळतो तो म्हणूनच, आणि पुढे तो दगा देतो तोही म्हणूनच.

आता पहिलं वाक्य पुन्हा तपासू. 'लिव्ह'मध्ये इ च्या पुढे व्ह आहे, म्हणजे मृदू व्यंजन. इंग्रजीच्या स्वतःच्या नियमानेच तिथला आखूड स्वर पसरतो. त्यात मराठीचा नियम आणखी ओढ देतो. लांबीवर भिस्त ठेवणाऱ्याला इथे काही वाव उरत नाही: ओढलं तर लीव्ह होतं, आणि घाबरून तोडलं तर 'लिफ'सारखं काहीतरी विचित्र ऐकू येतं. तोंडी परीक्षेच्या पहिल्याच मिनिटाला लागणारा शब्द या घराण्यातला सगळ्यांत अवघड शब्द असावा, याला योगायोग म्हणायचं की खोडसाळपणा, तुम्हीच ठरवा.

मग सराव कसा करायचा? पहिल्यांदा तो शिप आपल्या तोंडात कुठे लपलाय ते शोधू. 'शिपाई' म्हणा. आता पुन्हा म्हणा, पण 'शिप'पर्यंत येऊन ओठ मिटा आणि थांबा. आई-बिई काही नको. मिटलेल्या ओठांमागे जे अडकलंय, ते इंग्रजी जहाजाच्या बरंच जवळचं आहे. शब्द पुढे चालू राहणार आहे असं समजून जिभेने इ आखूड ठेवली, आणि ती लांबवायच्या आत तुम्ही शब्द तोडलात. तसाच 'चिपळूण' म्हणताना 'चिप'वर थांबा, 'पिलू' म्हणताना 'पिल'वर, 'बिनधास्त' म्हणताना 'बिन'वर. आणि 'निवडणूक' म्हणताना 'निव'वर थांबून न च्या जागी ल घाला, की 'लिव्ह' हाताशी आला. फक्त व म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला लावा. थांबताना शेवटी अ ची शेपूट लागू देऊ नका. 'शिप'चा 'शिपअ' झाला तर पुन्हा करा.

ही झाली लांबी. आता रंग. लांब 'ई' धरा आणि एका श्वासात अगदी हळूहळू 'ए' कडे सरका: ई…ए. हनुवटीखाली बोट ठेवलं तर जबडा खाली जाताना कळेल. हा प्रवास आता पुन्हा करा, पण सुरुवातीपासून साधारण तिसऱ्या हिश्श्यावर थांबा. ओठ सैल सोडा. जो स्वर तोंडात आहे तो शिपचा. फार पुढे गेलात तर 'शेप' ऐकू येईल, कमी गेलात तर 'शीप'. आरशात पाहिलं तर शीपला ओठांचे कोपरे कानांकडे ओढलेले दिसायला हवेत, शिपला नकोत.

बरोबर थांबलो की नाही हे सांगायला मात्र आरसा पुरत नाही. त्यासाठी एक युक्ती आहे, आणि मला ती या सगळ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. कुजबुजा! 'शीप' आणि 'शिप' हे शब्द आवाज न काढता, नुसत्या हवेने म्हणा. कुजबुजताना गळ्यातला सूर बंद असतो, तरीही तोंडातल्या हवेला एक उंची ऐकू येते. घागर नळाखाली भरताना आतली पोकळी बदलत जाते तसा तिचा आवाजही बदलत जातो, तसंच इथे होतं: जीभ हलली, तोंडातल्या पोकळ्यांचा आकार बदलला, की घुमणारी हवा वेगळ्या उंचीवर घुमते. कुजबुजलेला शीप वरच्या पट्टीत ऐकू येतो आणि शिप त्याच्या खाली उतरतो. अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये गॉर्डन पीटरसन आणि हॅरॉल्ड बार्नी यांनी 76 माणसांच्या तोंडून इंग्रजी स्वर मोजले आणि 1952 साली ते आकडे छापले. पुरुषांच्या आवाजात हे घुमणं शीपच्या स्वराला सरासरी 2290 हर्ट्‌झवर होतं, शिपच्या स्वराला 1990 वर. इतका फरक पेटीवर वाजवला तर कुणालाही कळेल.

तुमच्या कुजबुजीत दोन्ही शब्द एकाच उंचीवर येत असतील, तर समजा की जीभ जागची हललेली नाही आणि तुम्ही नुसती लांबी बदलताय. ही परीक्षा फसवता येत नाही. कुजबुजलेला शिप हवा तितका लांब ओढा, तो खालीच राहायला हवा. 'शि…प' असा दोन सेकंद ओढूनही तो मेंढी होत नसेल, तर रंग जमला.

पण जीभ शिकवण्याआधी, निदान तिच्याबरोबरीने, कान शिकवावा लागतो. अ‍ॅन ब्रॅडलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली प्रसिद्ध केलेलं काम पाहा. इंग्रजीतल्या र आणि ल मध्ये गोंधळणाऱ्या जपानी लोकांना त्यांनी काही आठवडे फक्त ऐकायला लावलं: शब्द ऐका, र की ल ते ओळखा, बरोबर की चूक ते लगेच कळेल, पुढचा शब्द. बोलायचा सराव अजिबात दिला नाही. मग आधीची आणि नंतरची ध्वनिमुद्रणं अमेरिकन लोकांना ऐकवली. काय झालं असेल? त्यांचे उच्चारही सुधारले होते! कुणी जिभेला हातही लावला नव्हता, पण कान वळला आणि मागोमाग जीभ वळली. अशा प्रयोगांतून आणखी एक धडा मिळाला, तो म्हणजे आवाज अनेक हवेत. एकाच माणसाच्या आवाजावर घोटून घेतलेला कान नव्या माणसापुढे गांगरतो, कारण त्याने स्वर ओळखायला शिकलेलं नसतं, तो माणूस ओळखायला शिकलेलं असतं.

हे घरी करता येतं. केंब्रिजच्या ऑनलाइन शब्दकोशात जवळजवळ प्रत्येक शब्दाला एक ब्रिटिश आणि एक अमेरिकन आवाज आहे, म्हणजे दोन आवाज फुकट मिळाले. त्यात कॉलेजातल्या ज्या शिक्षकांना हा भेद जमतो त्यांचे आवाज मोबाइलवर उतरवून घ्या. भावाला किंवा बहिणीला मोबाइल द्या आणि तुम्ही पाठ करून बसा. त्यांनी एका जोडीतले शब्द मनाला येईल त्या क्रमाने वीस वेळा वाजवायचे, तुम्ही ह्रस्वाला डावा हात वर करायचा आणि दीर्घाला उजवा, आणि त्यांनी दर वेळी लगेच बरोबर-चूक सांगायचं. वीसपैकी दहा बरोबर आले तर काहीच आलं नाही असं धरा, कारण नाणं उडवूनही दहा येतात. पंधरा किंवा जास्त नुसत्या नशिबाने येण्याची शक्यता शंभरात दोनच्या आसपास असते, म्हणून पंधरा गाठले की कानाला काहीतरी ऐकू येऊ लागलंय असं म्हणायला हरकत नाही.

जोड्याही विचार करून घ्या. सुरुवात शिप-शीप आणि चिप-चीप यांनी करा. तिथे लांबी आणि रंग दोन्ही मदतीला असतात. मग खरा पेपर: बीट, बिट, बीड आणि बिड हे चारही मिसळून ऐका. बीट आणि बिडची लांबी सारखी, रंग वेगळा. इथे तेलुगूने तयार केलेला कान हमखास फसतो, कारण तो लांबी शोधत बसतो आणि लांबी तिथे नसते. हा टप्पा आदिलाबादच्या मुलांना पुण्याच्या मुलांपेक्षा कदाचित जास्त चिडवेल. हाती आलेलं हत्यार खाली ठेवून दुसरं उचलायचं म्हणजे कटकटच.

आता परीक्षेचं. आयईएलटीएसची तोंडी परीक्षा 11 ते 14 मिनिटांची असते आणि तिच्या चार निकषांपैकी उच्चार हा एक. चौघांचं वजन सारखं. तेलंगणाच्या इंटरमध्येही 2023-24 पासून पहिल्या वर्षाला इंग्रजीची 20 गुणांची प्रात्यक्षिक परीक्षा आली. आयईएलटीएसमध्ये तुम्ही इंग्रजांसारखे बोलता का हे पाहत नाहीत. तुमचं बोलणं ऐकणाऱ्याला विनासायास कळतं का हे पाहतात. एखादा शिप मेंढी झाला म्हणून कुणी गुण कापत नाही. पण लिव्ह, इट, सिट, फिल, रिच, हिज, धिस असे सगळेच शब्द ओढले गेले, की ऐकणाऱ्याला वाक्यामागून वाक्य मनात दुरुस्त करत बसावं लागतं, आणि तिथे गुण झिरपतात.

आणखी एक अडचण परीक्षेच्या खोलीतच कळते. सुटा शब्द सुंदर येतो, पण उत्तर द्यायला लागलं की लक्ष विषयाकडे जातं आणि जीभ मराठीच्या नियमावर परतते. म्हणून शब्दांच्या याद्या घोकण्यापेक्षा स्वतःची उत्तरं घ्या. तुम्ही कुठे राहता, घरी कोण, काय शिकता, मोकळ्या वेळात काय करता, या प्रश्नांची उत्तरं मोबाइलवर बोलून ठेवा आणि त्यात आखूड इ चे शब्द किती वेळा येतात ते ऐका. 'लिव्ह' नक्की असेल. 'सिस्टर' असेल, तिथे मराठी तोंड आपसूक बरोबर असतं, कारण इ शेवटच्या अक्षरात नाही. 'इन', 'विथ', 'सिक्स', 'फिनिश' असतील. यातल्या ज्या शब्दांत व्यंजनाने संपणाऱ्या शेवटच्या अक्षरात इ येते, तेवढेच निवडा. 'फिनिश'मधली पहिली इ सोडून द्या, दुसरी धरा. यादी बहुधा दहा-बारा शब्दांच्या पुढे जाणार नाही. मग तेच उत्तर आधी कुजबुजत, मग मोठ्याने, मग नेहमीच्या वेगाने म्हणा. वेग वाढल्यावर कोणता शब्द आधी ढासळतो ते ध्वनिमुद्रणात कळेल. दुसऱ्या दिवशीचा सराव त्याच शब्दाचा.

परीक्षकासमोर एखादा लिव्ह ओढला गेलाच, तर थांबून दुरुस्त करू नका. वाक्य तुटलं तर दुसऱ्या निकषातलेही गुण जातात. घाईने उलटी चूकही करू नका. नवा शिप शिकलेली मुलं उत्साहात शीपलाही आखूड करतात, आणि मग 'फील' म्हणायच्या जागी 'फिल' येऊन भावना व्यक्त करायच्या ऐवजी माणूस काहीतरी भरतोय असं वाटतं.

उरलं पुल आणि पूल, म्हणजे ओढणं आणि पोहण्याचा तलाव. तिथेही कारण तेच आणि उपायही तोच: 'पुलाव' म्हणायला घ्या आणि 'पुल'वर थांबा, ओठांचा चंबू सैल सोडून. पण इंग्रजीत या दोन स्वरांनी वेगळे होणारे शब्द मोजकेच आहेत, आणि तोंडी परीक्षेत त्यांच्यामुळे गैरसमज होण्याची वेळ क्वचितच येते. आधी लिव्ह पक्का करा. पुलाव नंतर.